ठिपक्यांचा पडदा : वाळवंटाचा नकाशा आणि राखलेले मौन

१/ ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती वाळवंटातील ठिपक्यांची चित्रे आपल्यापैकी अनेकांनी कोठे ना कोठे पाहिली असतील. तांबूस पृष्ठभागावर एकात एक वर्तुळे, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि सर्वत्र पसरलेले असंख्य ठिपके. ही कला हजारो वर्षांची आहे असे सर्रास सांगितले जाते. तिच्यातील चिन्हे खरोखरच फार जुनी आहेत. परंतु ती फळीवर किंवा कॅनव्हासवर रंगवून परक्यांना विकण्याची या वाळवंटातील चळवळ १९७१ साली एका वसाहतीत सुरू झाली. आणि थोड्याच काळात एक बिकट प्रश्न उभा राहिला : जे पाहण्याचा अधिकार सर्वांना नाही, ते सर्वांसमोर मांडायचे कसे? आजचा धागा त्या प्रश्नाचा आहे.

२/ त्या वसाहतीचे नाव पापुन्या. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे २४० किलोमीटर अंतरावर १९६० च्या सुमारास सरकारने ती वसवली. मूलनिवासींनी गोऱ्या समाजात विरघळून जावे, हे तेव्हाचे अधिकृत धोरण होते. पिंतुपी, लुरित्जा, वार्लपिरी, अनमात्येर अशा निरनिराळ्या भाषांची माणसे येथे एकत्र आणली गेली. यांपैकी अनेकांची स्वतःची भूमी शेकडो किलोमीटर दूर राहिली होती. पुढे चित्रांत जी ठिकाणे पुन्हा पुन्हा येतात, ती बहुतांशी हीच दुरावलेली ठिकाणे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

३/ या लोकांच्या विचारविश्वाच्या मुळाशी ‘जुकुर्पा’ ही कल्पना आहे. इंग्रजांनी तिला ‘स्वप्न’ म्हटले आणि तेथेच घोटाळा झाला. जुकुर्पा म्हणजे आदिपूर्वजांनी भूमीवरून केलेला प्रवास, त्या प्रवासात घडलेले डोंगर व पाणवठे, आणि त्यातून आलेला वर्तनाचा कायदा, हे सारे एकत्र. पूर्वज जेथे थांबले तेथे स्थळ निर्माण झाले, जेथून गेले तेथे वाट झाली. म्हणून कथा सांगणे आणि भूगोल सांगणे ही तेथे दोन वेगळी कामे उरत नाहीत. कथा क्रमाने पाठ असेल तर एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे जाता येते.

४/ विधीच्या वेळी ही कथा गायली जाते, नाचली जाते आणि जमिनीवर काढलीही जाते. त्यासाठी जमीन साफ करून टणक केली जाते. वनस्पतीचा मऊ, कापसासारखा चुरा गेरूत किंवा पांढऱ्या मातीत घोळवतात आणि त्याचे बारीक पुंजके बोटांनी एकेक करून ठेवतात. ठिपक्यांचे एक उगमस्थान हेच. नाच संपेपर्यंत पायांखाली चित्र विस्कटून जाते. आपली रांगोळी पुसली जाते तेव्हा ती तिच्या पुढच्या दिवसाला जागा करून देते. येथे मात्र पुसले जाण्यात एक राखणही आहे. ज्यांनी पाहायचे त्यांनी पाहिले, आणि इतरांसाठी मागे काही उरले नाही.

५/ यातील चिन्हे मोजकीच आहेत. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी आकृती म्हणजे बसलेला माणूस; वाळूत मांडी घालून बसल्यावर उमटणारा तो ठसा आहे. एकात एक वर्तुळे म्हणजे पाणवठा, मुक्काम, चूल किंवा पवित्र स्थळ. सरळ रेषा म्हणजे वाट किंवा वाहते पाणी. एवढे वाचल्यावर मलाही प्रथम वाटले की आता एक कोष्टक जवळ ठेवावे आणि चित्रे उलगडत जावीत. परंतु कोष्टक फार पुढे नेत नाही. तेच वर्तुळ लहान मुलाला पाण्याचा खड्डा म्हणून सांगितले जाते, आणि दीक्षा झालेल्या माणसाला त्याच वर्तुळाचा दुसरा, अधिक खोल अर्थ दिला जातो. दोन्ही अर्थ खरे असतात.

६/ १९७१ च्या आरंभी जेफ्री बार्डन नावाचे तरुण कलाशिक्षक पापुन्याच्या शाळेत आले. त्यांच्या प्रोत्साहनाने ज्येष्ठ पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मध-मुंग्यांच्या जुकुर्पाचे चित्र रंगवले. पापुन्या हे त्याच कथेतील एक स्थळ आहे. मग फरशीचे तुकडे, खोक्यांच्या फळ्या, जे हाती लागेल त्यावर चित्रे होऊ लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कापा त्जाम्पित्जिन्पा यांच्या चित्राला अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या स्पर्धेत विभागून पहिले पारितोषिक मिळाले. १९७२ मध्ये चित्रकारांची स्वतःच्या मालकीची ‘पापुन्या तुला’ ही कंपनी उभी राहिली.

७/ या पहिल्या फळ्यांत काही गोष्टी उघडपणे रंगवलेल्या होत्या : विधीतील वस्तू, अंग रंगवलेले पुरुष, दीक्षितांखेरीज कोणी पाहू नयेत अशी दृश्ये. चित्रकारांना आरंभी त्यात धोका दिसला नसावा. विकत घेणारे परके होते आणि त्यांना यातले काही कळणार नव्हते. पण चित्रे शहरांत प्रदर्शित होऊ लागली आणि ती इतर मूलनिवासींच्या, स्त्रियांच्या व मुलांच्याही नजरेस पडू शकतील हे स्पष्ट झाले. शेजारच्या समाजांतील, विशेषतः पित्जान्त्जात्जारा ज्येष्ठांनी कडक हरकत घेतली. आक्षेप उघडेपणाला होता, आणि तो गंभीर होता. एकच पूर्वज अनेक समाजांच्या भूमीतून गेलेला असतो. त्यामुळे एकाने उघड केलेले रहस्य दुसऱ्याचेही असू शकते.

८/ चित्रकारांनी यावर जो मार्ग काढला, तो चित्राच्या पृष्ठभागावरच दिसतो. माणसांच्या आकृती आणि पवित्र वस्तू कमी होत गेल्या. वर्तुळे, रेषा व पावलांचे ठसे उरले. आणि भोवतालची जागा ठिपक्यांनी भरली. जॉनी वारांगकुला त्जुपुरुला यांनी १९७२ मध्ये काढलेले ‘कालिपिन्पा येथील जल-जुकुर्पा’ हे या वळणावरचे चित्र आहे. कालिपिन्पा हे वादळ आणि पावसाचे स्थळ. चित्रात ठिपक्यांवर ठिपक्यांचे थर चढले आहेत. पावसानंतर भूमीवर उगवणारी हिरवळ त्यांत आहे, आणि त्याच थरांमागे काही आकृती अर्ध्यामुर्ध्या विरून गेल्या आहेत. एकाच कृतीने भूमी दिसतेही आणि झाकलीही जाते.

९/ येथे थोडे सावध राहायला हवे. ठिपके म्हणजे केवळ लपवण्याची युक्ती, असे म्हणणे फार सोपे होईल. ते अंगावरच्या रंगकामात आणि भूमिचित्रांत आधीपासून होते. ते वाळू, धूर, जळालेली जमीन, खाद्य झुडपे दाखवतात. त्यांच्यामुळे पृष्ठभाग लखलखतो, आणि त्या लखलखण्यात पूर्वजांचे सामर्थ्य जाणवते असे मानले जाते. झाकणे हे त्यांच्या अनेक कामांपैकी एक काम आहे. १९७२ नंतर त्याचे महत्त्व वाढले, इतकेच.

१०/ नकाशा म्हणून ही चित्रे कशी वाचली जातात, हे क्लिफर्ड पॉसम त्जापाल्त्जारी यांच्या १९७७ च्या ‘वार्लुगुलाँग’मध्ये उत्तम दिसते. हा कॅनव्हास सुमारे दोन मीटर उंच आणि सव्वातीन मीटरहून अधिक रुंद आहे. वार्लुगुलाँग हे अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येकडील स्थळ. तेथे लुंगकाता या सरडा-पूर्वजाच्या दोन मुलांनी कांगारू मारला आणि बापाला वाटा न देता तो खाऊन टाकला. लुंगकाताने रागाने झुडपे पेटवली; मुले आग विझवत राहिली, आग पुन्हा पुन्हा उसळत राहिली आणि अखेर त्यांना घेऊन गेली. शिकार वाटून खाण्याचा कायदा या कथेत आहे.

११/ याच कॅनव्हासवर आणखी आठ जुकुर्पांच्या वाटा येऊन मिळतात. सापाची वळणावळणाची वाट, एमू, वॅलबी आणि पॉसम यांचे माग; पावलांवरून कोण कोठून कोठे गेले ते कळते. स्थळे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा येथे खऱ्या आहेत, मात्र चौकटीत सारे बसावे म्हणून दिशा आणि अंतरे जुळवून घेतली आहेत. होकायंत्र घेऊन हे चित्र वाचायला गेलात तर फसाल. पुढे घडले ते असे : हे चित्र १,२०० डॉलरला विकले गेले, काही काळ एका बँकेच्या प्रशिक्षण केंद्राच्या उपाहारगृहात लटकत राहिले आणि २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ते २४ लाख डॉलरला घेतले. क्लिफर्ड पॉसम २००२ मध्येच निवर्तले होते.

१२/ आता मूळ प्रश्न : लपवायचे तरी कशासाठी? माझ्या समजुतीने उत्तर आपल्या सातबाऱ्यात सापडते. या वाळवंटात जमिनीचा कागद नव्हता. कथा, गाणे आणि आकृती यांचे ज्ञान हाच हक्काचा पुरावा होता. वार्लपिरींमध्ये बापाकडून हक्क आलेले ‘किर्दा’ आणि आईकडून आलेले ‘कुर्दुंगुर्लु’ असे दोन गट असतात; पहिले विधी करतात, दुसरे तो बरोबर होतो आहे ना हे पाहतात. ज्ञान टप्प्याटप्प्याने, पात्रता आणि नाते पाहून दिले जाते. ते सर्वांना वाटले तर हक्क सांगणारा आणि ऐकणारा यांत फरकच उरत नाही. स्त्रियांचेही असेच स्वतःचे विधी व रहस्ये आहेत, आणि ती पुरुषांसाठी बंद आहेत.

१३/ हा धोका काल्पनिक नव्हता. चार्ल्स माउंटफोर्ड या मानववंश-अभ्यासकाला १९४० मध्ये पित्जान्त्जात्जारा पुरुषांनी विश्वासाने काही गोष्टी सांगितल्या व दाखवल्या होत्या. १९७६ मध्ये त्या छायाचित्रांसह पुस्तकात आल्या. ज्येष्ठांनी नॉर्दर्न टेरिटरीच्या न्यायालयात धाव घेतली आणि तेथील विक्री थांबवण्याचा आदेश मिळवला. न्यायालयाने आधार घेतला तो विश्वासभंगाचा : गुपित विश्वासाने दिले गेले होते, आणि ते फुटले तर समाजाची घडी विस्कटू शकते.

१४/ पापुन्याच्या आरंभीच्या फळ्यांचा मोठा संग्रह डार्विनच्या संग्रहालयात आहे. त्यातील बराच भाग दीर्घकाळ बंद राहिला. २०१७ मध्ये प्रदर्शन भरले ते चित्रकारांच्या वारसांशी व ज्येष्ठांशी विचारविनिमय करून. काय टांगायचे आणि काय कपाटातच ठेवायचे, हे त्यांच्या म्हणण्यानुसार ठरले. इतिहासाच्या अभ्यासकाला हे जड जाते. आपल्याला कपाट उघडण्याची सवय असते. बंद कागद म्हणजे कुणाची तरी लबाडी, असे आपण गृहीत धरतो. येथे कपाट बंद ठेवणारे हेच त्या कागदाचे धनी आहेत.

१५/ तेव्हा असे चित्र समोर आले तर तीन गोष्टी विचाराव्यात : चित्रकार कोण, स्थळ कोणते, आणि त्या स्थळाची कोणती कथा सर्वांना सांगितली गेली आहे. चांगल्या विक्रीकेंद्रांच्या प्रमाणपत्रावर ही तिन्ही उत्तरे असतात. ती नसतील तर चित्र संशयास्पद समजावे. चौथा प्रश्न, ठिपक्यांखाली काय आहे हा, मनात येतो. तो माझ्याही येतो. त्याचे उत्तर कुणाला तरी ठाऊक आहे आणि ते योग्य माणसाला, योग्य वेळी सांगितले जाते, इतके कळले तरी चित्राचा बराच भाग कळला असे मी मानतो.