जुनी कंपनी उत्तरच देत नाही तेव्हा

रिक्रूटरचा मेल दोन ओळींचा होता. तुमच्या पहिल्या कंपनीकडून उत्तर येत नसल्यामुळे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अडकलंय, तुम्ही फॉलोअप करा, नाहीतर जॉइनिंगची तारीख पुढे ढकलावी लागेल. जॉइनिंगला नऊ दिवस होते. सध्याच्या ऑफिसात माझा शेवटचा दिवस तीन दिवसांवर आला होता आणि माझ्या जागी आलेला मुलगा केटी संपवून कामालाही लागला होता. म्हणजे मागे जायला जागा नव्हती आणि पुढचं दार अर्धवट उघडं होतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, पण तू तिथे काम केलंयस ना? मग त्यांनीच सांगायला कशाला पाहिजे?"

मला तेव्हा वैताग आला होता. पण रिक्रूटरला जे उत्तर लिहायचं होतं, ते जवळपास याच वाक्यात होतं.

आधी नेमकं काय अडकलं होतं ते सांगते. नवी कंपनी ही तपासणी स्वतः करत नाही, एका एजन्सीला देते. एजन्सी आपल्या जुन्या कंपनीच्या एचआरला मेल करते: ही व्यक्ती तुमच्याकडे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होती का, पद काय होतं, का सोडलं. माझी पहिली कंपनी पुण्यातलं एक छोटं स्टार्टअप होतं. मी तिथे ८ जुलै २०१९ ते १८ जून २०२१ काम केलं. पुढे ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि माणसं पांगली. गंमत म्हणजे एचआरचा जुना ईमेल बंदही झाला नव्हता. मेल बाउन्स झाला असता तर पत्ता मेलाय हे एजन्सीला लगेच कळलं असतं. इथे मेल जात होते आणि कुणी वाचत नव्हतं. एजन्सी आपली दर दोन-तीन दिवसांनी आठवण पाठवत होती.

रिपोर्टमध्ये दोन शेरे वेगळे असतात आणि आपण घाबरून त्यांची गल्लत करतो. तुम्ही सांगितलेलं आणि कंपनीने सांगितलेलं जुळलं नाही तर ती 'डिस्क्रिपन्सी'. कंपनीने काहीच सांगितलं नाही तर 'अनेबल टू व्हेरिफाय'. पहिल्यात तुमच्यावर शंका आहे. दुसऱ्यात फक्त एक रकाना रिकामा आहे. म्हणून उत्तरात गयावया करायचं कारण नव्हतं. रकाना दुसऱ्या कशाने भरता येईल, एवढंच सांगायचं होतं.

मी इथे काम केलं हे कंपनीखेरीज आणखी कुणाला माहीत आहे? पीएफ ऑफिसला, आयकर खात्याला आणि माझ्या बँकेला. यातल्या पहिल्या दोघांकडची नोंद कंपनीनेच त्या-त्या वेळी भरलेली असते. हेच तिचं वजन.

ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर यूएएनने लॉगिन केलं की View मध्ये Service History असतं. तिथे कंपनीचं नोंदणीकृत नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. पासबुकमध्ये महिन्यागणिक जमा झालेली रक्कम दिसते. माझे जुलै २०१९ ते जून २०२१ असे चोवीस महिने ओळीने होते, एकही गाळलेला नव्हता.

आयकराच्या फॉर्म २६एएसमध्ये पगारावर कापलेला कर कलम १९२ खाली, कापणाऱ्याच्या नाव आणि टॅन नंबरासकट दिसतो. इथे एक अडचण होती. पहिल्या वर्षी माझा पगार इतका कमी होता की कर बसतच नव्हता, म्हणून त्या वर्षीचा फॉर्म कोरा. दुसऱ्या वर्षीच्या नोंदी होत्या. त्या शोधताना एक लक्षात ठेवायचं: तिथे असेसमेंट इयर निवडावं लागतं, म्हणजे २०२०-२१ चा पगार बघायला २०२१-२२ उघडायचं.

आणि मग सगळ्यात नाजूक गोष्ट दिसली. रिलीव्हिंग लेटरवर शेवटचा दिवस १८ जून होता. पीएफमध्ये कंपनीने ३० जून टाकला होता. बऱ्याच ठिकाणी सोडल्याची तारीख सरसकट महिनाअखेर टाकतात. बारा दिवसांचा फरक. गप्प बसले असते तर तो एजन्सीला सापडला असता, आणि नुसत्या रिकाम्या रकान्याची डिस्क्रिपन्सी झाली असती. म्हणून मीच तो मेलमध्ये लिहिला. मेल इंग्रजीत होता, आशय असा:

> नमस्कार. माझ्या पहिल्या कंपनीचा कार्यकाळ ८ जुलै २०१९ ते १८ जून २०२१ आहे. कंपनी नंतर विकली गेली. जुन्या एचआर पत्त्यावर मीही दोनदा मेल केला, उत्तर नाही. ते मेल सोबत जोडले आहेत.
>
> पर्यायी पुरावे: रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पेस्लिप, त्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पीएफची सर्व्हिस हिस्टरी व पासबुक, फॉर्म २६एएस. पीएफमध्ये सोडल्याची तारीख ३० जून दिसते. प्रत्यक्ष शेवटचा दिवस रिलीव्हिंग लेटरप्रमाणे १८ जून. जूनच्या पेस्लिपवर अठराच दिवसांचा पगार आहे.
>
> या कागदांवर हा मुद्दा बंद करता येईल का, हे एजन्सीला विचारून परवापर्यंत कळवाल का? अजून काही लागणार असेल तर त्याचं नाव सांगा. वेळ लागणार असेल तर ठरलेल्या तारखेला जॉइन करून ही तपासणी नंतर पूर्ण करता येईल का, हेही कृपया विचारावं. सध्याच्या कंपनीतला माझा शेवटचा दिवस शुक्रवार आहे.

शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि परत लिहिलं. त्यात तक्रार नाही, पण रिक्रूटरला तिच्या मॅनेजरकडे जायला एक तारीख मिळते. "लवकर करा" म्हणून तिच्या हाती काही लागलं नसतं.

फाइली पोर्टलवरून उतरवल्या तशाच पाठवल्या. बँकेच्या पीडीएफमध्ये बाकीचे व्यवहार काळे करण्याचा मोह झाला होता. पण एडिट केलेली पीडीएफ दिसली की तिथेच शंका सुरू होते. त्याऐवजी हवे तेवढेच महिने निवडून नवं स्टेटमेंट काढलं. एका मित्राने सुचवलं, जुन्या टीममधल्या कुणाला तरी एचआर म्हणून उत्तर द्यायला सांग. असले बनावट पत्ते पकडायलाच तर एजन्सी असते. खरी नोकरी खोट्या साक्षीदाराने सिद्ध करायला गेलं की खरी नोकरीही जाते.

या कागदांनाही मर्यादा आहेत. ते कंपनी आणि काळ दाखवतात, पद आणि वागणूक नाही. त्यासाठी मी माझ्या तेव्हाच्या मॅनेजरचं नाव आणि नंबर त्याला विचारून दिला, आणि तो माजी मॅनेजर आहे, आता त्या कंपनीत नाही, हे स्पष्ट लिहिलं. वीसपेक्षा कमी माणसांच्या कंपनीला पीएफची सक्ती नसते, त्यामुळे अगदी छोट्या जागी काम केलेल्यांकडे ही नोंद नसूही शकते. तिथे बँक स्टेटमेंट आणि पत्रं, एवढ्यावरच भागवावं लागतं.

गुरुवारी संध्याकाळी उत्तर आलं. पहिल्या कंपनीसमोर 'अनेबल टू व्हेरिफाय' तसंच राहिलं, खाली पर्यायी कागद तपासल्याचा शेरा आला, आणि तारीख कायम राहिली.

शुक्रवारी लॅपटॉप परत करण्याआधी मी सगळ्या पेस्लिप आणि फॉर्म १६ स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवून घेतले. मग एचआरच्या टेबलाशी जाऊन विचारलं, "उद्या कुणी माझ्याबद्दल विचारलं तर मेल कुठल्या पत्त्यावर करायचा?" ती हसली आणि पत्ता लिहून दिला. मी म्हटलं, "आणि तू इथून गेलीस तर?" मग तिने खाली दुसरा एक पत्ता लिहिला, कुणा माणसाच्या नावाचा नसलेला.