मिठाच्या थरांमधलं अंतर : काही टिपणं

सैंधवाचा खडा फोडला की तुकडे चौकोनीच पडतात. खलात घोटून पीठ केलं तरी भिंगाखाली कणांच्या बाजू सपाट आणि कोपरे काटकोनी दिसतात. स्फटिक ज्या थरांवरून सुटतो ते थर आतही तसेच रचलेले असतात. त्या दोन थरांमध्ये अंतर किती, हे मोजायचं आहे. पट्टी म्हणून हाताशी आहेत तांब्याच्या नळीतून येणारे क्ष-किरण, तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

*

आरसा कुठल्याही कोनातून आलेला प्रकाश परतवतो. स्फटिकाचे थर तसं करत नाहीत, ते मोजक्या कोनांनाच क्ष-किरण परतवतात. वरच्या थरावरून परतलेल्या किरणापेक्षा खालच्या थरावरून परतलेला किरण थोडं जास्त अंतर चालतो, जाताना d sinθ आणि येताना पुन्हा d sinθ. हे जादा अंतर पूर्ण तरंगलांबीच्या पटीत बसलं, तर हजारो थरांचे किरण एका ठेक्यात बाहेर पडतात आणि कागदावर शिखर उमटतं. नाही बसलं, तर खोलवरचा कुठला तरी थर वरच्या थराला नेमका खोडून काढतो. ब्रॅगची अट ती एवढीच:

nλ = 2d sinθ

इथला θ थराच्या पृष्ठापासून मोजायचा, त्यावरच्या लंबापासून नाही. बारावीपर्यंत प्रकाशाचे सगळे कोन लंबापासून मोजलेले असतात, त्यामुळे हात सवयीनं तिकडेच वळतो.

*

मिठाच्या पावडरीचं सर्वांत उंच शिखर ३१.७० अंशांवर आलं. यंत्र देतं तो आकडा 2θ असतो, म्हणजे आलेला किरण सरळ गेला असता ती दिशा आणि तो प्रत्यक्ष वळला ती दिशा यांमधला कोन. सूत्रात त्याचा निम्मा घालायचा, म्हणजे १५.८५. त्याचा साइन ०.२७३१. दुपटीनं १.५४०६ ला भागलं की d = २.८२ अँगस्ट्रॉम.

मिठाच्या एक मिलिमीटरच्या खड्यात असे सुमारे ३५ लाख थर बसतात. हा हिशेब मी दर वर्षी फळ्यावर करतो आणि दर वर्षी मलाच पुन्हा पाहावासा वाटतो.

*

“सर, माझं १.४७ येतंय.”

निम्मं करायचं राहिलं होतं. तिनं ३१.७० चाच साइन घेतला होता. ही चूक फसवी आहे, कारण १.४७ हा आकडा बघताना खटकत नाही. अणूंमधली अंतरं त्याच आसपासची असतात. मी तिला म्हटलं, उत्तर बरोबर की चूक ते पुस्तकात शोधू नकोस, मिठालाच विचार. घनता काढ.

मिठाच्या युनिट सेलमध्ये सोडियम आणि क्लोरीनच्या चार जोड्या असतात. घनाच्या मध्यावर आणखी एक तसाच थर असल्यामुळे सेलची बाजू d च्या दुप्पट. तिच्या आकड्यानं बाजू आली २.९३ अँगस्ट्रॉम, आणि चार जोड्यांचं वजन तेवढ्याशा घनात कोंबलं की घनता होते घन सेंटिमीटरला १५.४ ग्रॅम. शिसं ११.३ असतं. शिशापेक्षा जड मीठ! तिनं स्वतःच खोडरबर उचललं. २.८२ घेतलं की बाजू ५.६४ येते आणि घनता २.१६, जी कुणीही मिठाचा स्वच्छ खडा तोलून आणि बुडवून मोजू शकतो.

*

१९१२-१३ साली हाच हिशेब उलट्या वाटेनं झाला. लॉरेन्स ब्रॅगनं १९१२ च्या नोव्हेंबरात केंब्रिजमध्ये ही अट मांडली तेव्हा तो २२ वर्षांचा होता. वडील विल्यम हेन्री यांनी लीड्सला स्पेक्ट्रोमीटर बांधला, त्यामुळे कोन मोजता येऊ लागले. पण समीकरणात λ आणि d दोन्ही अज्ञात होते, आणि एका कोनातून दोन अज्ञातं सुटत नाहीत. अडलेली गाठ मिठानं सोडवली. अणूंची मांडणी शिखरांवरून ओळखली, घनता आणि ॲव्होगॅड्रो संख्येवरून d काढला, आणि मग त्या d वरून तरंगलांबी. आज आपण λ कोष्टकातून उचलतो, पण पहिल्यांदा ती मिठाच्या घनतेतून आली. म्हणून घनतेचा ताळा मला या प्रयोगाचा भाग वाटतो, जोडपत्र नाही.

*

n चं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. ६६.२ अंशांच्या आसपास आणखी एक शिखर दिसतं. निम्म्याचा साइन ०.५४६, म्हणजे पहिल्याच्या बरोबर दुप्पट. त्याच थरांचं ते दुसरं परावर्तन. n = १ धरलं तर d १.४१ येईल. तेही चालतं, फक्त ते ‘निम्म्या अंतराचे थर’ कागदावरचे आहेत, मिठात त्या जागी थर नाहीत. तिसरं परावर्तन ११० अंशांवर. चौथ्यासाठी साइन १.०९ लागेल, त्यामुळे चौथं नाही. याच कारणानं λ च्या निम्म्यापेक्षा, म्हणजे ०.७७ अँगस्ट्रॉमपेक्षा, कमी अंतर या किरणांना दिसतच नाही.

*

११० अंशांचं शिखर पाहिलं तर ते दुभंगलेलं असतं. घाबरू नये. तांब्याची नळी १.५४०६ सोबत १.५४४४ चेही किरण देते. ३१.७० वर दोघांतलं अंतर ०.०८ अंश असल्यानं शिखर एकच भासतं, ११० वर ते ०.४ अंश होतं. फुटलेलं दिसत असेल तर डावं शिखर वाचावं आणि १.५४०६ वापरावं. न फुटलेल्या शिखराचा मध्य वाचला असेल तर सरासरी १.५४१८.

*

सर्वांत सतावणारी चूक गणितात नसते, चमच्यात असते. पावडर साच्यात भरून वरून काचेनं दाबायची, पृष्ठ कडेशी सपाट हवं. पावसाळ्यात मीठ ओलसर होतं, गोळे धरतं आणि दाबलं तरी थोडं वर उरतं. दशांश मिलिमीटर, नखाच्या जाडीहून कमी. यंत्राची त्रिज्या २०० मिलिमीटर असेल तर एवढ्यानं ३१.७० चं शिखर सुमारे ०.०५ अंश पुढे सरकतं आणि सेलची बाजू ५.६४ ऐवजी ५.६३ येते.

ओळखायचं कसं? प्रत्येक शिखरावरून बाजू वेगळी काढावी. मीठ तेच, म्हणजे उत्तर एकच यायला हवं. मोठ्या कोनाकडे जाताना आकडा ५.६३ वरून हळूहळू ५.६४ कडे चढत गेला, तर दोष उंचीचा. कोन वाढतो तसा हा सरकाव घटतो, शिवाय तिथे कोनातल्या चुकीचा d वर परिणामही कमी होतो, त्यामुळे ११० अंशांवर बाजूतली चूक आठवा हिस्साच उरते. सिलिकॉनची चिमूट मिसळली तर आणखी बरं, त्याचं पहिलं शिखर २८.४४ वर पडायलाच हवं.

काल एका गटाचे आकडे असेच चढत गेले. साचा रिकामा केला, मीठ भट्टीत तासभर वाळवलं, पुन्हा घोटलं, पुन्हा भरलं. काच फिरवताना या वेळी खरखर ऐकू आली नाही. सिलिकॉन २८.४४ वर आला, मीठ ३१.७० वर.