मार्गदर्शन नको, सहा वेळा अर्धा तास द्या

"मार्गदर्शन" हा शब्द आपल्या समाजात फार स्वस्त झाला आहे. १४ एप्रिलच्या मंचावर नोकरीतला प्रत्येक मोठा माणूस सांगतो की माझं दार तुमच्यासाठी चोवीस तास उघडं आहे. आपण टाळ्या वाजवतो. पुढच्या १४ एप्रिलपर्यंत त्या दारात कोणी गेलेलं नसतं, आणि गेलंच तर काय मागायचं हे ठाऊक नसतं. दोष एकट्या त्या अधिकाऱ्याचा नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. ते कसं कळलं, तेवढंच इथे लिहितो आहोत.

आम्ही चौघे सदरमधल्या एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून एकाच वर्षी लागलो. तिघे इंदोऱ्याकडचे, कडबी चौकातून सदरला येणारे. चौथी वर्ध्याहून आलेली. चौघांच्याही घरात सरकारी नस्ती पाहिलेला आधी कोणी नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचे वडील याच खात्यातून निवृत्त झालेले. तो रात्री जेवताना जे शिकत होता, ते आम्हाला दिवसा चुका करून शिकावं लागत होतं. आम्ही लिहिलेल्या टिपण्या वर जायच्या आणि "चर्चा करावी" असा शेरा घेऊन परत यायच्या. दोन महिन्यांत अशा नऊ नस्त्या परत आल्या.

आम्ही आधी आपल्याच समाजातल्या एका वरिष्ठांकडे गेलो. "साहेब, आम्ही नवीन आहोत, आशीर्वाद असू द्या, मार्गदर्शन करा." साहेब खूश झाले. त्यांनी चहा पाजला, स्वतःच्या संघर्षाची हकीकत सांगितली आणि "केव्हाही या" म्हणाले. आम्ही आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा चहा झाला, हकीकत झाली. चौथ्यांदा जायला आम्हालाच संकोच वाटला. आमच्यातला एक भडकून म्हणाला, "पे बॅक टू सोसायटी फक्त वर्गणीच्या पावतीपुरतं आहे." तेव्हा आम्हालाही तसंच वाटलं. आज वाटतं, त्या माणसाने द्यायचं तरी काय होतं? आम्ही काही मागितलंच नव्हतं. आशीर्वाद मागितला, आशीर्वाद मिळाला.

आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली नव्हती. आपले वरिष्ठ आपल्यापासून अंतर राखतात, त्याला आपण सरसकट "साहेब झाले, समाज विसरले" म्हणतो. पण चार बौद्ध लिपिक एका बौद्ध अधिकाऱ्याच्या खोलीत वारंवार बसू लागले की "जातभाई गोळा करतोय" ही कुजबूज त्याच संध्याकाळी सुरू होते. इतरांच्या अशा बैठकांना कोणी नाव ठेवत नाही. हा अन्याय खरा आहे, पण तो अधिकारी त्यात रोज वावरतो. "केव्हाही या" म्हणणं त्याला सोपं आणि आपण खरोखर केव्हाही गेलो तर ते त्याला महाग. कशासाठी, किती वेळ आणि कधीपर्यंत, हे ठरलेलं असेल तर कोणी विचारल्यावर त्याला सरळ उत्तर देता येतं.

दुसऱ्या वेळी आम्ही माणूस निवडतानाच विचार केला. जो आपला कार्यमूल्यमापन अहवाल लिहितो त्याला गाठायचं नाही, हे पहिलं ठरलं. प्रतिवेदन अधिकाऱ्यासमोर आपण अडाणीपणा उघड करत नाही, झाकतो. आणि आपल्याला सुधारायचं की आपलं मूल्यमापन करायचं, हे त्यालाही एकाच वेळी जमत नाही. दुसऱ्या शाखेत एक मॅडम होत्या. त्यांच्या टिपण्या परत येत नाहीत अशी ख्याती होती. त्याही आपल्याच, पण कोणाशी फार बोलत नसत. त्यांच्याशी आमचा ना अहवालाचा संबंध होता, ना बदलीचा.

मग आम्ही अर्धं पान लिहिलं. सुरुवात "जय भीम मॅडम" ने करायची की नाही, यावर लिबर्टी टॉकीजजवळच्या टपरीवर आमचं अर्धा तास भांडण झालं. एकाचं म्हणणं होतं की लाजायचं कशाला. दुसरीचं म्हणणं होतं की यात लाजण्याचा प्रश्न नाही, समाजाचं नाव पुढे केलं की त्यांना नाही म्हणणं अवघड होईल, आणि नाही म्हणता येत नसेल तर ती विनंती उरत नाही. तिचं ऐकलं. मजकूर असा होता:

"मॅडम, सादर नमस्कार. आम्ही चौघे आस्थापना शाखेत कनिष्ठ लिपिक आहोत. गेल्या दोन महिन्यांत आमच्या नऊ नस्त्या 'चर्चा करावी' या शेऱ्यासह परत आल्या. पहिल्याच वेळी मंजूर होईल अशी टिपणी लिहायला आम्हाला शिकायचं आहे. आपण तीन महिने, दर पंधरा दिवसांनी एकदा, कार्यालय सुटल्यावर अर्धा तास द्यावा, म्हणजे एकूण सहा वेळा, अशी विनंती आहे. आम्ही दोन दिवस आधी एक टिपणी आपल्याकडे देऊ आणि तेवढ्यावरच बोलू. बदली, बढती वा कोणाची तक्रार यांपैकी काहीही आम्ही काढणार नाही. आपल्याला जमणार नसेल तर तसं सांगावं, आम्हाला वाईट वाटणार नाही."

उत्तर चार दिवसांनी आलं. "सहा नको. आधी दोन. त्यानंतर मी ठरवेन. आणि शाखेतली नस्ती माझ्याकडे आणायची नाही. नावं, रकमा बदलून तोच विषय कोऱ्या कागदावर लिहून आणा." ही दुसरी अट आम्हाला सुचायला हवी होती. दुसऱ्या शाखेची नस्ती त्यांच्या टेबलावर दिसली असती तर आमच्याइतक्याच त्याही अडचणीत आल्या असत्या.

पहिल्या दिवशी आम्ही वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची टिपणी नेली. तीन पानं होती. कर्मचारी कधी आजारी पडला, कुठे दाखल झाला, देयक कधी सादर केलं, त्रुटी कधी काढल्या, सगळं क्रमाने. मॅडमनी पहिली दोन पानं उलटून थेट शेवटचा परिच्छेद वाचला. तिथे एवढंच होतं: "तरी प्रकरण आदेशार्थ सादर." त्यांनी विचारलं, "साहेबांनी सही कशावर करायची?" आम्ही गप्प. त्यांनी कागदाच्या कडेला चार ओळी लिहिल्या. काय मंजूर करायचं आहे. कोणत्या नियमाने. किती पैसा, आणि त्याची तरतूद आहे का. मंजुरीचा अधिकार कोणाचा. "या चारांची उत्तरं शेवटच्या परिच्छेदात आधी लिहा. बाकीची टिपणी त्यांना लागेल तेवढीच." आमच्या तीन पानांत चारपैकी एकाचंही पूर्ण उत्तर नव्हतं. मागितलेली रक्कम होती, देय किती होते ते नव्हतं.

दुसऱ्या वेळी तीच टिपणी सव्वा पानाची झाली. त्या दिवशी मॅडमनी स्वतःच पुढच्या चार तारखा कॅलेंडरवर टाकल्या.

खरी ठिणगी तिसऱ्या बैठकीत पडली. आमच्यातला एक ठाम होता की नस्त्या परत येतात त्या आडनावं पाहून. मॅडमनी ते नाकारलं नाही. त्या म्हणाल्या, "असेलही. पण आज तुझ्या टिपणीत चूक आहे, म्हणून त्यांना कारण मिळतं. आधी ती चूक काढून टाक. मग जे परत येईल ते जातीचं असेल तर कागदावर दाखवता येईल." त्यांनी आम्हाला एक वही ठेवायला सांगितली: तारीख, विषय, शेरा, परत येण्याचं कारण, दुरुस्तीनंतर काय झालं. शेवटच्या दोन महिन्यांत चार नस्त्या परत आल्या. दोन आमच्या चुकीने. एक अशी होती की वरच्यांना निर्णयच घ्यायचा नव्हता. "चर्चा करावी" चा तोही एक अर्थ असतो, हे तेव्हा कळलं. चौथीचं कारण आम्हाला आजही सापडलेलं नाही. तसाच विषय, तशीच टिपणी, शेजारच्या टेबलाची मंजूर झाली, आमची परत. ती नोंद वहीत आहे आणि वही जपून ठेवली आहे.

एक चूक आमच्याकडून झाली. चौथ्या बैठकीच्या शेवटी एकाने सहज विचारावं तसं विचारलं, "मॅडम, माझ्या बदलीचं जरा वर बोलाल का?" मॅडमनी पर्स उचलली आणि निघाल्या. पाचवी तारीख पुढे ढकलल्याचा निरोप आला, नवी तारीख दिलेली नव्हती. असं झालं की काहीतरी मोडलं आहे हे समजावं. कामात असलेला माणूस तारीख पुढे ढकलतो, पण नवी देतो. आम्ही लेखी माफी मागितली, ज्याने विचारलं त्यानेच लिहिली: जे काढणार नाही म्हटलं होतं तेच काढलं, पुन्हा होणार नाही. दहा दिवसांनी नवी तारीख मिळाली.

आमच्या एका कार्यकर्त्या मित्राने हे ऐकून टोमणा मारला: "मदत मागताना अटी कसल्या घालता? हा तर व्यवहार झाला." होय, व्यवहारच. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानाशी केलेल्या करारावर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि नंतर दहा वर्षं संस्थानाची नोकरी, असं त्यात लिहिलेलं होतं. त्यात लाचारी कुठे होती? लंडनमधले त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच लिहिलं की लेखकाचे बरेचसे युक्तिवाद त्यांना मान्य नाहीत. ती प्रस्तावना ग्रंथात छापली गेली. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात इतकी मोकळीक असू शकते. अटी न सांगता शिकवणारा, किंबहुना न शिकवताच शेवटी अंगठा मागणारा गुरू कोणाच्या परंपरेतला, ते आपल्याला ठाऊक आहे.

सहाव्या बैठकीत आम्ही सातवी मागितली. मॅडम हसल्या. "विषय संपला. नवा विषय असेल तर नवा कागद लिहा, आणि तो माझ्याकडेच आणायला हवा असंही नाही." निघताना, पहिल्यांदाच, त्या "जय भीम" म्हणाल्या.

वर्ध्याच्या मैत्रिणीने नवा कागद लिहिला आहे. तिला विभागीय परीक्षेतला लेख्यांचा पेपर काढायचा आहे, म्हणून लेखा शाखेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला तिने चार बैठका मागितल्या आहेत, प्रत्येकी वीस मिनिटांच्या. आठ दिवस झाले, उत्तर नाही. आणखी आठ दिवस वाट बघून ती एकदा आठवण करणार आहे. तेवढ्यावर उत्तर आलं नाही तर दुसरा माणूस शोधणार आहे.