ऑफर लेटरमध्ये न दिसलेले नऊ हजार

हिंजवडीची नोकरी सोडून मी खराडीला गेलो, तेव्हा हातात येणारा पगार महिन्याला ८,००० रुपयांनी वाढला. वर्षभराने हिशेब मांडला, तर महिनाअखेर उरणारी रक्कम आधीपेक्षा कमीच होती. जुनी कंपनी कॅब, जेवण आणि आई-बाबांसकट आरोग्य विमा देत होती. ऑफरची तुलना करताना या तिन्हींची किंमत लावण्यात मी चुकलो, आणि प्रत्येकीत वेगळ्या तऱ्हेने.

कॅबला मी शून्य धरलं. गाडी आहेच की घरात, असा विचार. पण कोथरूडहून खराडीला रोज बाईकने जाणं पहिल्याच पावसाळ्यात सुटलं. मग वनाज ते रामवाडी मेट्रो आणि पुढे रिक्षा. दोन्ही मिळून एका वेळेला साधारण १३० रुपये, म्हणजे जाऊन-येऊन २६०. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, म्हणजे महिन्याला १३ दिवस. झाले ३,३८०. ओला-उबरच्या भाड्याने मोजलं असतं तर आकडा कितीतरी फुगला असता, पण तोही खोटाच ठरला असता, कारण तसा मी रोज गेलो नसतो.

जेवणात उलटी चूक केली. फूड कोर्टातली थाळी १५० रुपयांना, महिन्याचे कामाचे दिवस २२, म्हणून ३,३०० रुपये धरले. प्रत्यक्षात १३ दिवसच ऑफिस. त्यातले सहा-सात दिवस घरचा डबा, त्याचा खर्च फार तर ५० रुपये. बाहेरचं जेवण सहा दिवस धरलं तर ९०० आणि डब्याचे ३५० मिळून १,२५० रुपये झाले. मला रोज थाळी हवीच होती असं नाही, कँटीन फुकट होतं म्हणून तिथे जेवत होतो.

सगळ्यात महागात पडला विमा. जुन्या पगारपत्रकात गटविम्याचा हप्ता वर्षाला १८,००० दाखवला होता. मी त्याला बाराने भागलं आणि १,५०० लिहून मोकळा झालो. पण तो कंपनीला पडणारा भाव होता, मला पडणारा नव्हे. बाबा साठीच्या पुढचे, त्यांना शुगर. दोघांसाठी ५ लाखांची स्वतंत्र पॉलिसी घ्यायला गेलो, तेव्हा वर्षाचा हप्ता ५४,००० सांगितला, म्हणजे महिन्याला ४,५००. शिवाय आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत वेगळीच. ती जास्तीत जास्त तीन वर्षांची असू शकते. जुन्या गटविम्यात अशी मुदत नव्हती.

नव्या कंपनीच्या गटविम्यात मी, बायको आणि मुलगी एवढेच होतो. आई-बाबांना स्वखर्चाने जोडता येत होतं, तेही बरंच स्वस्तात आणि मुदतीशिवाय, पण रुजू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत. एचआरच्या मेलमध्ये ते स्पष्ट लिहिलं होतं. मी तो मेल उघडला तेव्हा महिना उलटून गेला होता आणि पुढची संधी थेट नूतनीकरणाच्या वेळी होती. जुनी कंपनी सोडण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हेही मी विचारलं नाही. तशी तरतूद असते. विमा कंपनी तब्येत पाहून ठरवते, पण अर्ज तर करायला हवा होता.

बेरीज अशी: ३,३८० अधिक १,२५० अधिक ४,५००, एकूण ९,१३०. वाढ ८,००० ची. म्हणजे महिन्याला हजाराहून जास्त तोटा.

वाटाघाटीत एक गोष्ट आणखी सुटली होती. घर ते ऑफिस कंपनीची गाडी आणि कंपनीने भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता यांवर कर्मचाऱ्याला कर लागत नाही. त्याच सोयी पगारातून विकत घ्यायच्या तर आधी कर कापला जातो. माझा वरचा टप्पा २० टक्क्यांचा, सेस धरून २०.८. त्यामुळे ९,१३० हातात यायला पगार साधारण ११,५०० रुपयांनी वाढायला हवा होता, तेही फक्त होतो तिथेच राहण्यासाठी. नव्या करप्रणालीत ८०-ड ची वजावट नसल्याने आई-बाबांच्या हप्त्यावर काही परतही मिळालं नाही.

आता मी दोन्ही ऑफरचा फक्त हातात येणारा पगार समोरासमोर मांडतो. सीटीसी घेत नाही, कारण काही ठिकाणी विम्याचा हप्ता त्यातच धरलेला असतो आणि मग तोच पैसा दोनदा मोजला जातो. प्रत्येक सोयीपुढे एकच प्रश्न लिहितो: ही गेली तर माझ्या खिशातून दर महिन्याला किती जातील? कंपनीला ती कितीला पडते आणि बाजारात तिचा भाव काय, या दोन्ही आकड्यांना त्या रकान्यात जागा नाही.

विम्यापुढे मात्र रुपयांबरोबर एक अटही लिहितो. बाबांच्या शुगरसाठी थांबावं लागणार असेल, तर त्या काळातल्या हॉस्पिटलच्या बिलाला मासिक रक्कम लावता येत नाही. आई-बाबांचं नाव पहिल्या दिवसापासून पॉलिसीत येणार का, याचं लेखी उत्तर हातात पडेपर्यंत मी जुन्या जागी राजीनामा देत नाही.