दोन मिनिटं आणि कागदाच्या दोन पट्ट्या

एप्रिलच्या शेवटी माझी पुतणी तिच्या अर्जाचे कागद घेऊन आमच्या पडवीत येऊन बसली. बी.एस्सी. गणित, बी.एड., आणि दोन वर्षं इथे पालीतच सहावी-सातवीच्या मुलांची शिकवणी. पुण्यातल्या एका सेमी-इंग्रजी शाळेत गणित शिक्षिकेची जागा निघाली होती आणि अर्जासोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ मागितला होता. "काकी, तुम्ही रेडिओसाठी भाषणं लिहायचात ना? मला एवढं लिहून द्या," ती म्हणाली.

पूर्वी आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रासाठी मी लिहीत असे. तिथे एक गोष्ट अंगी मुरली: कानासाठी लिहायचं तर आधी घड्याळ लावायचं. तिने स्वतः लिहून आणलेला मजकूर मी तिला मोठ्याने वाचायला लावला. 340 शब्द होते, तीन मिनिटं दहा सेकंद लागली. म्हणजे तिचा वेग मिनिटाला 107 शब्दांच्या आसपास. दोन मिनिटांत फार तर 215 शब्द बसणार. त्यात हातांनी काही करून दाखवायचं तर थांबे धरून 170. अर्धा मजकूर जायलाच हवा होता.

काय जाणार ते पहिल्या ओळीपासूनच दिसत होतं. "मी एक मेहनती, प्रामाणिक आणि वक्तशीर उमेदवार असून मला मुलांची मनापासून आवड आहे." हे वाक्य कुणीही कुणाबद्दलही म्हणू शकतो. पुढे जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, अविवाहित असल्याचा उल्लेख. यातलं काही शिकवण्याच्या कामाचं नव्हतं, म्हणून खोडलं. टक्केवारीही खोडली, कारण ती अर्जात छापलेली होती. कागदावर आहे तेच तोंडाने पुन्हा म्हणायचं तर व्हिडिओ मागवून शाळेला काय मिळालं?

2006 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने बँकेतल्या नोकरीसाठी असा व्हिडिओ पाठवला होता. त्यात तो वजनं उचलतो, बर्फावरून घसरत जातो, हाताने विटा फोडतो. तो व्हिडिओ जगभर फिरला आणि त्या मुलाची फार टर उडवली गेली. मला त्याचं वाईट वाटतं. पण त्यातून एक गोष्ट कळते, की ज्या कामासाठी अर्ज आहे ते काम पडद्यावर दिसायला हवं. विक्रीच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्याने एखाद्या गिऱ्हाइकाची शंका कशी सोडवली ते सांगावं. शिक्षिकेने शिकवावं.

म्हणून मी तिला विचारलं, "बाय, गेल्या महिन्यात मुलांचं सगळ्यात जास्त काय चुकलं?" ती पटकन म्हणाली, "अपूर्णांक. 1/3 मोठा की 1/4 विचारलं तर 14 पैकी 9 जणांनी 1/4 सांगितलं. चार तीनापेक्षा मोठा म्हणून." आमची संहिता तिथेच सुरू झाली.

मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. पहिली 15 सेकंदं नाव, विषय, कोणत्या इयत्तांना शिकवते. मग 65 सेकंदं तो एकच प्रश्न. मग 25 सेकंदं, पुढे काय झालं ते. शेवटी 10 सेकंदं, कधीपासून रुजू होऊ शकेन एवढंच.

मधल्या 65 सेकंदांवर आमचे दोन दिवस गेले. कागदाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, एकीचे तीन भाग करायचे, दुसरीचे चार, आणि एकेक भाग शेजारी ठेवायचा. पण तीन घड्या हाताने सारख्या येत नाहीत. पहिल्या वेळी तिचा तिसरा भाग बोटभर लहान निघाला. गणिताच्या शिक्षिकेकडून कॅमेऱ्यासमोर ते शोभलं नसतं. मग पट्टी 24 सेंटीमीटरची घेतली. 24 ला तीनानेही भाग जातो आणि चारानेही. एकीवर आठ-आठवर खुणा, दुसरीवर सहा-सहावर. आठ सेंटीमीटरचा तुकडा सहाच्या शेजारी ठेवला की बोलायचं फारसं उरत नाही.

मी लिहून दिलं होतं, "यावरून मुलांच्या लक्षात येते की छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो." तिने ते वाचलं आणि कागद खाली ठेवला. "काकी, असं मी वर्गात बोलतच नाही. आणि मी आधी दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून दाखवते. पट्ट्याच लहानमोठ्या असतील तर तुलना कशाची?" तिचं बरोबर होतं. नियम मला आठवत होता. तो कशावर उभा आहे हे तिला ठाऊक होतं. माझं वाक्य काढलं आणि तिचं जसंच्या तसं घातलं.

सेमी-इंग्रजीत गणित इंग्रजीतून शिकवतात, तेव्हा हा भाग इंग्रजीतच हवा होता. 'डिनॉमिनेटर'पाशी ती दर वेळी अडखळे. शब्द गाळता येत नव्हता, म्हणून जागा बदलली. आधी पट्ट्या दाखवून "सेम स्ट्रिप, मोअर पार्ट्स, सो ईच पार्ट इज स्मॉलर", आणि मग थांबून, बोट चारवर टेकवून, "धिस इज द डिनॉमिनेटर." लांब वाक्याच्या पोटातून शब्द बाहेर निघाला आणि अडखळणं थांबलं.

पुढच्या 25 सेकंदांवर आमचा वाद झाला. आठवड्याने तिने त्याच मुलांना 1/5 आणि 1/7 विचारले होते. 12 बरोबर आले, दोघांचं चुकलं. ती म्हणाली, बाराच सांगू. मी म्हटलं, दोघांचंही सांग. शिकवलेल्या माणसाला ठाऊक असतं की एका तासात सगळा वर्ग पार होत नाही. बऱ्याच वेळाने ती कबूल झाली. वर्गाची चित्रफीत तिच्या फोनमध्ये होती, पण पालकांना न विचारता मुलांचे चेहरे दाखवायचे नव्हते. नाव झाकून फक्त वहीचं पान दाखवलं.

चित्रीकरण सकाळी साडेसहाला केलं. पालीचा तिठा जवळ, मुंबई-गोवा आणि कोल्हापूरकडच्या गाड्यांचे गिअर बदलतानाचे आवाज दिवसभर घरात येतात. पंखा बंद केला, कारण त्याची घरघर फोन नेमकी टिपतो. तोंड खिडकीकडे, फोन आडवा, तांदळाच्या डब्यावर डोळ्यांच्या रेषेत. पहिल्यांदा ती पाठ केलेलं म्हणत होती आणि नजर वर छताकडे जात होती. मग पूर्ण संहिता काढून घेतली आणि पाच शब्द मोठ्या अक्षरांत लिहून भिंगाच्या खाली चिकटवले. सहाव्या वेळी जमलं. एक मिनिट 54 सेकंद.

पाठवण्याआधी तिने मला दुवा दिला आणि माझ्या फोनवर तो उघडेना. परवानगी मागत होता. ड्राइव्हवर `Anyone with the link` निवडायचं राहिलं होतं. शाळेतही तेच झालं असतं आणि आम्हाला कळलंही नसतं.

मेच्या मध्यावर मुलाखतीचं बोलावणं आलं. परत आल्यावर ती एस.टी.तून उतरून थेट आमच्याकडे आली. मुलाखतीतला पहिलाच प्रश्न होता, त्या दोन मुलांचं पुढे काय केलंत?

"मी सांगितलं, ती दोघं तुकडे मोजत होती, तुकडा केवढा ते बघत नव्हती. त्यांना विचारलं, एक घावन आहे, तुला एकच वाटा मिळणार, पाच जणांत बसशील की सात जणांत? एकाला लगेच कळलं. दुसरा तोंडी बरोबर सांगतो, पण लिहिताना अजून चुकतो. त्याला मी शनिवारी वेगळं बसवते."

निकाल अजून आलेला नाही. उद्या शनिवार आहे, आणि तिने माझ्याकडून कात्री नेली आहे.