दुसरी रेघ किती गडद?

माझ्या नात्यातली एक सून बेगडेवाडीला राहते. वय सव्वीस. नवरा तळेगावच्या एमआयडीसीत, आठवड्याला शिफ्ट बदलते. लग्नाला आठ महिने झाले आणि सासू बोलू लागली. तेव्हा पोरीने औषधाच्या दुकानातून बीज सुटण्याचा दिवस कळवणारे किट आणले. मला म्हणाली, "आत्या, दर महिन्याला दोन रेघा येतात, तरी दिवस जात नाहीत. किट खोटं आहे."

किट खोटे नव्हते. गरोदरपणाच्या तपासणीत दुसरी रेघ फिकट आली तरी चालते. इथे तसे नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एलएच नावाचा हार्मोन रोजच थोडा स्रवतो, म्हणून फिकट रेघ कोणत्याही दिवशी दिसते. बीज सुटण्याआधी तो एकदम उसळतो. त्या दिवशी तपासणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद होते. तिथून साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटते.

तिची पाळी ३२ दिवसांची. त्यातून १७ वजा केले, म्हणजे पंधराव्या दिवसापासून तपासायचे. पाळी मागेपुढे होत असेल, तर सर्वांत लहान चक्र धरावे. लघवी शक्यतो सकाळची पहिली नको. दुपारी, रोज एकाच वेळी, आणि आधी दोन तास पाणी कमी प्यावे, नाहीतर रेघ फिकी पडते. पाकिटावर सांगितलेल्या मिनिटांतच पट्टी वाचावी. ठरावीक रेघच उमटली नाही, तर ती पट्टी वाया गेली.

ही पोर पंधराव्या दिवसाची फिकट रेघ पाहून दोन दिवस नवऱ्याजवळ जाई आणि मग थांबे. नेमके खरे दिवस तेव्हा सुरू होत. पुढच्या महिन्यात पंधरा, सोळा फिकट. सतराव्या दुपारी गडद. म्हणजे बीज अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी. सुटलेले बीज जेमतेम दिवसभर टिकते, पुरुषाचे शुक्रजंतू मात्र आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून बीजाच्या आधीचे दोन दिवस सर्वांत मोलाचे. पंधराव्या दिवसापासून एक दिवसाआड, आणि गडद रेघेचा व त्याच्या पुढचा दिवस चुकवायचा नाही. नवऱ्याने त्या दोन रात्रींची शिफ्ट सोबत्याशी बदलून घेतली.

असले कौटुंबिक पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. कामजीवनावर लिहिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली बाबासाहेबच त्यांचे वकील होते.

त्या महिन्यातही पाळी आलीच. दिवस अचूक साधला तरी तरुण, निरोगी जोडप्याला चार महिन्यांत एकदा यश, असाच साधारण हिशेब आहे. शिवाय बीज खरोखर सुटले का, नळ्या मोकळ्या आहेत का, हे पट्टी सांगत नाही. पीसीओएस असलेल्या बाईला रेघ कितीतरी दिवस गडद दिसू शकते. तिथे किटवर विसंबू नये. वर्षभर प्रयत्न करून, आणि बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनी डॉक्टर गाठावा. नवऱ्याची वीर्यतपासणी सोपी असते, ती आधीच उरकावी. सासूबाईंना मी तेच सांगितले, तेव्हा त्या पहिल्यांदाच मुलाकडे बघून गप्प झाल्या.