बॉण्ड : तिसऱ्या प्रकारचा!

बॉण्ड म्हटलं की पहिला आठवतो तो जेम्स. दुसरा केमिस्ट्रीतला, फर्स्ट इयरला ज्याने आपल्या सगळ्यांना छळलं तो. तिसऱ्या बॉण्डशी माझी ओळख झाली ती माझ्या मावसबहिणीमुळे. हा स्टॅम्प पेपरवर असतो आणि तोडायचा तर एनर्जी नाही, पैसे लागतात. आमचं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'बंधपत्र' हा शब्द मी पहिल्यांदा ताईच्या कागदांवर वाचला. पण शब्द अगदी चपखल आहे हं!

ताई केंद्र सरकारच्या एका तांत्रिक कार्यालयात नोकरीला आहे. सहा वर्षं नोकरी झाल्यावर तिने गेट दिली आणि तिला एम.टेक.ला प्रवेश मिळाला. नोकरी सोडायची नव्हती आणि शिकायचंही होतं. तेव्हा ऑफिसातल्या एका सिनियर मॅडमनी तिला स्टडी लीव्हबद्दल सांगितलं. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मध्ये ही 'अध्ययन रजा' आहे. पाच वर्षं सलग नोकरी झालेली असली आणि शिक्षणाचा कामाशी जवळचा संबंध असला, तर ती मागता येते. एका वेळी साधारणपणे बारा महिने आणि सगळ्या नोकरीत मिळून चोवीस महिने. ताईने आपल्या पूर्ण कोर्ससाठी चोवीसच्या चोवीस महिने मंजूर करून घेतले.

या काळात पगार चालू राहतो. भारतात शिकत असाल तर रजेवर जाण्याआधीचा पगार, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मिळतो. शिष्यवृत्ती घेतली तर ती पगारात वळती होते, म्हणजे दोन्हीकडून मिळकत नाही. फी मात्र साधारणपणे स्वतःची स्वतः भरायची. आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे ही रजा तुमच्या शिल्लक रजेतून कापली जात नाही, आणि बढती, पेन्शन, वेतनवाढ यांसाठी हा काळ नोकरीतच धरतात. ताई हॉस्टेलवर राहून, मेसची डाळ खाऊन महिन्याला पूर्ण पगार घेत होती. तिच्या बॅचमधल्या मुलांना तिचा किती हेवा वाटत असेल, कल्पना करा!

आता बदल्यात काय? रजा सुरू होण्याआधी बॉण्डवर सही. परत रुजू झाल्यावर तीन वर्षं नोकरी करायची. त्याआधी राजीनामा दिला, किंवा कोर्स पूर्णच केला नाही, तर सरकारने रजेच्या काळात दिलेला पगार आणि केलेला खर्च परत करायचा. मागणी झाल्या तारखेपासून व्याजही लागतं. यातलं 'कोर्स पूर्ण केला नाही तर' हे आपल्यासारख्यांनी नीट वाचावं. बॅकलॉग राहून डिग्री हुकली, तर नोकरी न सोडताही वसुली होऊ शकते.

ताई डिग्री घेऊन परत रुजू झाली. दोन वर्षं चार महिने गेले आणि बंगळूरच्या एका खासगी कंपनीकडून तिला बोलावणं आलं. पगार जवळजवळ दुप्पट, काम अगदी तिच्या एम.टेक.च्या विषयातलं. अट एकच, साठ दिवसांत जॉइन व्हा.

त्या रविवारी मी मावशीकडे होते. जेवणाच्या टेबलावर हिशेब सुरू झाला. काका म्हणाले, "अगं, छत्तीसातले अठ्ठावीस महिने झाले. राहिले आठ. आठ महिन्यांचे भरून टाक." सोपेपणासाठी त्यांनी रजेतला पगार भत्त्यांसकट महिन्याला सत्तर हजार धरला. चोवीस महिन्यांचे झाले १६ लाख ८० हजार. त्याचे आठ-छत्तीसांश म्हणजे साधारण ३ लाख ७३ हजार. काकांचा चेहरा खुलला. एवढे तर एफडी मोडून होतील!

ताई म्हणाली, "बाबा, तसं नाहीये ते. सगळेच भरावे लागतात."

मला खरंच वाटलं नाही. मी तिच्याकडून बॉण्ड मागून घेतला आणि नियम शोधून दोनदा वाचला. नियम ६३. त्यात 'प्रत्यक्ष दिलेली रक्कम' परत करायची असं आहे, 'उरलेल्या काळाच्या प्रमाणात' असं कुठेही नाही. म्हणजे तुम्ही रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सोडा नाहीतर पस्तिसाव्या महिन्यात, आकडा तोच, १६ लाख ८० हजार. आपण मेकॅनिक्समध्ये एकसारखा उतरत जाणारा ग्राफ काढतो ना, तसा हा नाही. हा छत्तीस महिने आडवा सरळ चालतो आणि शेवटच्या दिवशी एकदम शून्यावर येतो.

त्यात दोन अडचणी आणखी. एक म्हणजे पैसे राजीनामा स्वीकारण्याआधी भरायचे असतात. नवी कंपनी म्हणाली, आम्ही जॉइनिंग बोनस देतो. पण तो मिळणार पहिल्या पगाराबरोबर, तोही कर कापून. मधले दोन-तीन महिने सोळा लाख आणायचे कुठून? दुसरी अडचण करांचीच. परतफेड होते ती पूर्ण रकमेची, पण त्या पगारावरचा कर दोन वर्षं कापून गेलेला, म्हणजे हातात आलेल्यापेक्षा जास्त परत द्यायचं.

एक वाट असते, पण ती ताईच्या उपयोगाची नव्हती. रीतसर परवानगी घेऊन, ऑफिसमार्फत अर्ज करून दुसऱ्या सरकारी खात्यात किंवा सार्वजनिक उपक्रमात गेलं, तर पैसे मागत नाहीत. उरलेल्या काळाचा नवा बॉण्ड तिथे लिहून द्यायचा. खासगी कंपनीला ही सवलत नाही.

"कोर्टात टिकेल का हे?" असं मी ठसक्यात विचारलं होतं. त्याचंही उत्तर शोधलं. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली म्हणून दोन लाख भरले आणि मग त्या अटीला आव्हान दिलं. तो बॉण्ड भरतीचा होता, शिक्षणाचा नव्हे. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट वैध ठरवली. बँकेला पुन्हा भरती करण्याचा खर्च होतो आणि त्या मानाने रक्कम अवाजवी नाही, असा विचार त्यात आहे. करार कायद्याचं कलम ७४ ही कात्रीची दुसरी बाजू. करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई. ताईच्या बॉण्डमध्ये तर दंड नाहीच, तिला मिळालेलेच पैसे आहेत. भांडायला जागा फारच थोडी.

ताईने कंपनीला आठ महिने थांबायची विनंती केली. ते थांबले नाहीत. तिने नकार कळवला, दोन दिवस कुणाशी बोलली नाही आणि सोमवारी ऑफिसला गेली. मी तिला विचारलं, "पुन्हा सही केली असतीस?" ती म्हणाली, "केली असती गं. स्वतःच्या पैशांनी मला दोन वर्षं बिनपगारी शिकता आलंच नसतं. फक्त एम.टेक. दोन वर्षांचं नाही, पाच वर्षांचं आहे असं धरून केली असती."

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण नोकरीला लागल्यावर कधीतरी अशा कागदासमोर बसतील. स्टाफपैकी काही जण बसलेही असतील! खासगी कंपन्यांचे बॉण्ड प्रत्येकाचे वेगळे असतात, काहींत रक्कम महिन्यागणिक कमी होते. तेव्हा सहीआधी एवढं विचारा : मुदत कधीपासून मोजणार, सहीपासून की परत रुजू झाल्यापासून? रक्कम काळाप्रमाणे उतरते की शेवटपर्यंत तीच? आणि त्यात फक्त फी आहे की पगारही? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.